मदत हवी आहे: थिसिसमधल्या आकृतीखाली नेमकं काय लिहायचं? सोमवारी बाइंडिंगला द्यायचाय

हळकुंड_सांगली
नमस्कार मंडळी. गाइडनी दुसऱ्या प्रकरणाची प्रिंट परत दिली. आकृती 2.4 खाली मी "स्रोत: गूगल" लिहिलं होतं. त्याला लाल पेनानं गोल केलाय आणि बाजूला एवढंच लिहिलंय, "गूगलनं हळद वाळवली का?" सर सध्या विचारायच्या मूडमध्ये नाहीत. विश्रामबागेतला बाइंडिंगवाला दोन दिवस घेतो. आकृती 2.4 आणि तक्ता 2.2 यांच्याखाली टाकायला कुणी एकेक ओळ तयार देईल का?

कृष्णाकाठ
कसली आकृती, कुठनं घेतली, एम.टेक. की पीएचडी, काहीच नाही. ज्योतिषालासुद्धा जन्मवेळ सांगावी लागते.

हळकुंड_सांगली
सॉरी. पीएचडी, हळदीच्या सौर वाळवणीवर. आकृती म्हणजे वाळवताना ओलावा कसा उतरतो त्याचा आलेख, गूगल इमेजेसमधून घेतला. प्रेझेंटेशनच्या स्लाइडमध्येही तोच आहे. तक्ता तीन पेपरमधून मीच जुळवलाय.

फोटोवाला_मिरज
हा विषय काढलात ते बरं केलंत. 2019 च्या पुरात आयर्विन पुलाचे मी काढलेले फोटो अख्ख्या जिल्ह्यात फिरले, एकानं नाव टाकलं नाही. फोटोच्या मधोमध वॉटरमार्क टाका, कोपऱ्यात नको, कोपरा कापतात.

कृष्णाकाठ
अहो, त्या दुसऱ्याचं चित्र घेतायत, त्यांचं कुणी घेत नाहीये.

एक्सेल_बाबा
एवढं काय त्यात. आलेख एक्सेलमध्ये परत काढा, रंग बदला. 30 टक्के बदललं की आपलं होतं. आणि तक्ता स्क्रीनशॉट काढून चिकटवा, प्लॅगॅरिझमच्या सॉफ्टवेअरला चित्रातली अक्षरं वाचता येत नाहीत. माझे असेच 10 टक्क्यांच्या आत आले.

ग्रंथपाल_सातारा
बाबा, 30 टक्क्यांचा नियम कुठल्याही कायद्यात नाही. तो झेरॉक्सच्या दुकानात जन्मला. आणि स्क्रीनशॉटची गरजच नाही. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत श्रेय देऊन घेतलेला मजकूर साम्य मोजताना वगळायचाच असतो. म्हणजे लपवून फायदा शून्य. उलट परीक्षकाला तो पुसट, तिरका तक्ता लगेच दिसतो.

ताई, गूगल हे दुकान नव्हे, दुकानाकडं जाणारा रस्ता. त्या चित्रावर क्लिक करून ज्या पेपरमध्ये ते आहे तो उघडा. आकृतीखालची ओळ शेवटच्या शब्दापर्यंत वाचा आणि इथं मराठीत सांगा.

हळकुंड_सांगली
उघडला. 2021 चा रिव्ह्यू पेपर आहे, वर CC BY लिहिलंय, म्हणजे फुकट वापरता येतो ना? आकृतीखाली शेवटी "Reproduced with permission from [47]" आहे. मग "रिव्ह्यूवरून, CC BY" असं लिहिलं की सुटले?

ग्रंथपाल_सातारा
इथंच पाय घसरतो. CC BY त्या रिव्ह्यूवाल्यांच्या स्वतःच्या मजकुराला लागू. ही आकृती त्यांनीच 47 नंबरच्या पेपरमधून परवानगी काढून आणलीय. ती परवानगी त्यांच्यापुरती, ती तुम्हाला पुढं देण्याचा हक्क त्यांना नाही. अशा पेपरच्या शेवटी बारीक अक्षरात बहुतेक लिहिलेलं असतं, की चित्राच्या ओळीत वेगळं म्हटलं असेल तर ते चित्र या परवान्यात धरू नये.

म्हणून 47 वर जा. प्रकाशकाच्या पानावर "Request permissions" किंवा "Get rights and content" दिसेल. तिथून RightsLink ची खिडकी उघडते. वापर कशासाठी विचारेल तिथं प्रबंध निवडा, एकच आकृती सांगा, छापील आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही घ्या, कारण प्रबंध शोधगंगेवर चढतो. प्रबंधासाठी पुष्कळदा रक्कम शून्य दाखवतात, तरी ऑर्डर पुरी करायची. मग परवाना क्रमांकाचा कागद येतो आणि श्रेयाची ओळ कशी हवी तेही त्यात असतं. ती तशीच उतरवा, आपलं साहित्य त्यात घालू नका.

वकील_कऱ्हाड
एवढी यातायात कशाला? कॉपीराइट कायदा 1957, कलम 52. संशोधनासाठी उचित वापर चालतो. परवानगीची गरजच नाही.

ग्रंथपाल_सातारा
वकीलसाहेब, कलम 52(1)(क) मधले शब्द "खाजगी किंवा वैयक्तिक वापर, संशोधनासह" अशा अर्थाचे आहेत. स्वतःच्या अभ्यासासाठी काढलेली प्रत त्यात बसेल. जगभर कुणीही उतरवून घेईल असा प्रबंध बसतो का?

वकील_कऱ्हाड
टीका किंवा समीक्षा हेही त्याच कलमात आहे. साहित्याचा आढावा ही समीक्षाच. मी बसवून दाखवीन.

ग्रंथपाल_सातारा
कोर्टात दाखवा, सोमवारी बाइंडिंगवाल्याला नको. आणि परवानगी लागो न लागो, श्रेय द्यावंच लागतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक्सेल_बाबा
म्हणजे परत काढलेला आलेखही चोरीच?

ग्रंथपाल_सातारा
नाही, तुमचं अर्धं बरोबर आहे. आकड्यांवर कुणाची मालकी नसते, मांडणीवर असते. त्याच वक्ररेषा गिरवून रंग बदलला तर ओळ "[47] वरून रूपांतरित" अशी, आणि परवानगीचा प्रश्न तसाच. पण मूळ पेपरात मोजमापांचा तक्ता असेल, तर त्यातले आकडे घेऊन आपल्या पद्धतीनं आलेख काढा आणि लिहा, "आलेख लेखिकेचा; आकडे [47], तक्ता अमुक". तक्ता नसेल आणि WebPlotDigitizer वापरून आलेखावरून आकडे वाचले, तर तेही सांगा, कारण वाचताना थोडा फरक पडतो.

तक्ता 2.2 चं सोपं आहे. शेवटी एक रकाना काढून प्रत्येक ओळीसमोर तिचा संदर्भ क्रमांक द्या. खाली "संकलन लेखिकेचं" एवढं पुरे. फक्त कुठं एकक बदललं असेल तर ते तक्त्याखालीच सांगा.

बारीक_डोळा
चित्र 300 डीपीआयचं हवं हं. नाहीतर प्रिंट फाटते.

हळकुंड_सांगली
47 मिळाला, कॉलेजच्या लॉगिननं. सर, घोळ झालाय. मूळ आलेखात 50, 60 आणि 70 अंश अशा तीन रेषा आहेत. रिव्ह्यूत 50 ची रेषाच नाही. आणि मूळ प्रयोग हळदीच्या पातळ चकत्यांवर केलाय! मी तो आलेख शिजवलेल्या अख्ख्या हळकुंडांच्या माझ्या वेळांशी ताडून पाहिला होता आणि "माझा ड्रायर सावकाश आहे" असं दीड पान लिहिलंय.

कृष्णाकाठ
चकती लवकर वाळणारच की. आमच्याकडं आजी लोणच्याच्या फोडी दुपारपर्यंत वाळवायची, अख्ख्या हळकुंडाला मात्र आठवडा-दीड आठवडा.

ग्रंथपाल_सातारा
तुमच्या सरांनी तो गोल उगीच केला नव्हता. आलेखाच्या ओळीतच लिहा: चकत्या, जाडी किती, तापमान किती. ते दीड पान बदलावं लागेल.

हळकुंड_सांगली
मूळ पेपरात तक्ता 3 मध्ये सगळी मोजमापं आहेत, त्यावरून आलेख काढतेय. स्लाइडवर मात्र शेवटी "संदर्भ" ही एकच स्लाइड आहे, ती चालेल?

ग्रंथपाल_सातारा
नको. चित्राखालीच लेखकाचं आडनाव, वर्ष, नियतकालिक आणि डीओआय, मागच्या बाकावरून वाचता येईल एवढ्या अक्षरात. तुमची पीपीटी उद्या कुणीतरी मधलीच एक स्लाइड काढून पुढं पाठवेल, शेवटची स्लाइड तिच्याबरोबर जात नाही.

फोटोवाला_मिरज
मी तेच म्हणत होतो. मधोमध वॉटरमार्क.

वकील_कऱ्हाड
52 वर मी अजूनही ठाम आहे. वेळ मिळाला की वेगळा धागा काढतो.

हळकुंड_सांगली
दीड पान खोडलं. बाइंडिंगवाल्याला बुधवार सांगितलाय. सरांना अजून सांगितलं नाही.