मदत हवी आहे: दोन वेगस्थिरांकांपैकी k1 कोणता?

नमस्कार, मुलगी ठाण्यात एमएस्सीला आहे, तिच्या प्रोजेक्टमध्ये दोघेही अडकलो आहोत. अभिक्रिया A → B → C, दोन्ही टप्पे प्रथम कोटीचे. फक्त B चा रंग कलरीमीटरवर मोजला. तो वाढला, 14 मिनिटांच्या आसपास माथ्यावर गेला आणि उतरला. माथा इतका चपटा, की 12 आणि 16 मिनिटांची रीडिंग जवळजवळ सारखीच.

आलेखावरून स्थिरांक मिळाले 0.10 आणि 0.05 प्रतिमिनिट. कमाल B च्या क्षणी तयार होण्याचा आणि संपण्याचा वेग समान, म्हणून

`t = ln(k1/k2)/(k1 − k2)` = 0.693/0.05 = 13.9 मिनिटे.

जुळलं म्हणून खूश झालो! पण k1 आणि k2 ची अदलाबदल केली तरी उत्तर तेच. शेपटीच्या उतारातून नेहमी लहान स्थिरांकच मिळतो, मग तो टप्पा पहिला असो की दुसरा.

फरक पडतो तो उंचीत. k1 = 0.10 असेल तर कमाल B सुरुवातीच्या A च्या निम्मा, 0.05 असेल तर पावच. पण शुद्ध B हाती नाही, त्यामुळे रंगावरून सांद्रता काढता येत नाही.

A चं अनुमापन केलं, तर तो 7 मिनिटांत निम्मा होतो की 14, यावरून निकाल लागेल ना? नमुना काढल्यावर अभिक्रिया कशी थांबवता?