प्रतिसाद: फोटोतले प्रश्न आणि सरकणारे क्रमांक

> 'पूर्ण पानाचा फोटो आलाय, चोवीस प्रश्न. वर्डमध्ये उत्तरं लिहिली की मधूनच क्रमांक सरकतात.'

खोडी वर्डच्या आपोआप क्रमांकाची आहे. समजा ७ वा प्रश्न फोटोत पुसट आहे म्हणून सोडलात, की ८ व्याचं उत्तर निमूटपणे ७ होऊन बसतं आणि पुढची सगळी रांग एकाने चुकते. तुम्ही टाइप केलेल्या आकड्याची वर्डने आपोआप यादी केली की लगेच Ctrl+Z दाबा. यादी मोडते, टाइप केलेला आकडा राहतो. सोडलेल्या प्रश्नापुढे '७. वाचता येत नाही' असं लिहाच.

पान दोन रकान्यांचं असेल तर आधी डावा पूर्ण उतरवा. उपप्रश्न प्रत्येक गटात पुन्हा १ पासून सुरू होत असतील, तर नुसता '३' नको, 'प्र. २ (आ) ३' लिहा. शेवटी २४ व्या उत्तरावरून उलटे तपासत या, घसरलेली जागा पटकन सापडते.