किती द्याल, हे विचारूच नका
"नव्या शिकवणीची फी ठरवताना पालकांना महिन्याला किती द्याल असं सरळ विचारलं तर काय बिघडतं?"

अहो, पालक तिथेच घासाघीस सुरू करतात, मुद्दाम कमी आकडा टाकतात. त्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून पालकांचे तीन-चार गट करा, प्रत्येक गटाला एकच वेगळी फी दाखवा, विषय कोणता, आठवड्याला किती तास हे सगळं सगळ्यांना सारखंच लिहून, आणि फक्त घ्याल की नाही एवढंच विचारा. फी वाढेल तसे होकार घटायला हवेत, घटले नाहीत तर लोक तुमचं मन राखतायत असं समजा. आणि हो म्हणणाऱ्याला पुढचाच प्रश्न, आत्ता शिकवणीवर किती जातात आणि हे पैसे कुठून काढणार, चालू क्लास बंद करून का? इथे जे अडखळतात त्यांचा होकार मी तरी 'बघू' मध्येच धरते.