‘भूमी उपयोजन’ की ‘भू-आच्छादन’? आणि निर्देशांक ‘घटला’ म्हणजे नेमकं काय घटलं?

रानवाट: भूगोलाचा प्रबंध मराठीत लिहिते आहे. शीर्षक आहे ‘वनस्पती निर्देशांकाच्या आधारे भूमी उपयोजनातील बदल’. मार्गदर्शकांनी ‘उपयोजन’खाली रेघ मारून समासात ‘आच्छादन?’ असं लिहिलंय. हे दोन वेगळे शब्द आहेत का? दुसरी शंका: सेंटिनेल-२ उपग्रहाच्या २०१८ आणि २०२३ मधल्या एकाच महिन्याच्या प्रतिमा घेतल्या. दाट जंगलातल्या एका ठिकाणी एनडीव्हीआय हा वनस्पती निर्देशांक ०.६७ वरून ०.४७ वर आला. मी त्याला ‘वनस्पतींचा ऱ्हास’ म्हटलंय. ‘घट’ म्हणू का?

शब्दपेटी: आच्छादन निसर्गाचं, उपयोजन माणसाचं. जंगल, गवत, पाणी हे आच्छादन. शेत, घर, रस्ता हे उपयोजन. ‘ऱ्हास’ शब्दात गुणवत्ता खालावल्याचा निवाडा येतो, ‘घट’ नुसती मोजणी सांगते. म्हणून ‘घट’च बरा.

नकाशेवाला: ‘घट’बद्दल पटलं, पण पहिली फोड अर्धीच बरोबर आहे. घराचं सिमेंटचं छप्परही आच्छादनच. जमिनीवर काय पसरलंय ते आच्छादन, आणि ती जमीन कशासाठी वापरली जाते ते उपयोजन. खेळाचं मैदान, चराऊ कुरण आणि धावपट्टीच्या कडेची मोकळी जागा, तिन्हीकडे गवतच असतं. निर्देशांक तिन्हीकडे ०.५ येऊ शकतो, पण उपयोग तीन. उलट, एका शेतात पीक उभं असताना ०.७ आणि कापणीनंतर ०.२ येईल. आच्छादन बदललं, उपयोजन शेतीच राहिलं. तुमच्या मार्गदर्शकांचा प्रश्न रास्त आहे. नुसत्या निर्देशांकावर काम असेल तर शीर्षकात ‘आच्छादन’ घ्या. ‘उपयोजन’ म्हणायचं तर प्रत्यक्ष पाहणी हवी.

जुनाखडू: मी निर्देशांकातल्या घटीला ‘ऋण बदल’ म्हणायचो आणि त्यातूनच फसलो. लँडसॅट ५ मध्ये निकट अवरक्तचा पट्टा ४ आणि लालचा ३. लँडसॅट ८ मध्ये ते ५ आणि ४. मी दोन्हीकडे तेच जुने क्रमांक वापरले आणि नव्या प्रतिमेत सगळं जंगल शून्याखाली गेलं. म्हणजे मी लाल वजा हिरवा काढत होतो! त्यामुळे रानवाट, पट्ट्यांचे क्रमांक आधी तपासा.

रानवाट: तपासले. दोन्ही वर्षी B8 आणि B4 च आहेत. त्या ठिकाणच्या पिक्सेलचे आकडे देते: २०१८ मध्ये लाल ८००, निकट अवरक्त ४०००. २०२३ मध्ये लाल १८००, निकट अवरक्त ५०००.

नकाशेवाला: दोन्ही आकडे अगदी हजारानेच वाढलेत, हे पाहिलंत का? २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात. सूत्रात घालण्याआधी ते वजा करायचे.

```
2018: (4000-800)/(4000+800)   = 0.67
2023: (5000-1800)/(5000+1800) = 0.47
2023: (4000-800)/(4000+800)   = 0.67
```

तुमचं जंगल जागच्या जागी आहे. खात्रीसाठी खोल, स्वच्छ पाण्यावरचा पिक्सेल बघा. तिथे निकट अवरक्त जवळजवळ शून्य असायला हवा. २०२३ मध्ये तो हजाराच्या आसपास दिसला, तर वजाबाकी राहिली आहे. गूगल अर्थ इंजिनवर काम करत असाल तर `COPERNICUS/S2_SR_HARMONIZED` घ्या, त्यात ही दुरुस्ती केलेली असते.

शब्दपेटी: पण एनडीव्हीआयच्या नावातच ‘सामान्यीकृत’ आहे ना? मग असला फरक आपोआप जायला नको का?

नकाशेवाला: हा प्रश्न मला फार आवडला. सावलीमुळे दोन्ही पट्टे सारख्याच पटीने मंदावले, तर भागाकारात ती पट निघून जाते. दोन्हींत सारखी रक्कम मिळवली, तर वजाबाकीत ती जाते, पण छेदात दुप्पट होऊन बसते. ‘सामान्यीकृत’ या शब्दाने सगळं सारखं झाल्याचा भास होतो, म्हणून मी ‘गुणोत्तरित’ लिहितो.

शब्दपेटी: ‘गुणोत्तरित’ जिभेवर बसत नाही. मी ‘सामान्यीकृत’वरच राहीन.

रानवाट: पाणी पाहिलं. २०२३ चा आकडा ११२० होता, वजाबाकीनंतर १२० राहिला. जंगलाचा परिच्छेद काढून टाकते आहे. पण एका शेतात दुरुस्तीनंतरही ०.७१ वरून ०.२४ आलंय. त्याला ‘पडीक’ म्हणता येईल?

जुनाखडू: मुद्दाम विसाव्याला ठेवलेली जमीन ‘पड’, वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेली ‘पडीक’. ०.२४ दोन्हीकडे येईल, आणि नुकत्याच पेरलेल्या शेतातही. त्याच वर्षाच्या पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या प्रतिमा काढा. आकडा चढला तर ते उशिरा पेरलेलं शेत. नाही चढला, तरी ‘पड’ की ‘पडीक’ हे एका वर्षावरून कसं ठरवणार?

रानवाट: तोवर तक्त्यात ‘पिकाविना’ लिहिते.