बाबांचं बोलणं जड झालंय, घरच्या सरावाचा कागद कसा करू?

मानेवाड्याची_माधवी

नमस्कार. बाबा ६७ वर्षांचे आहेत. फेब्रुवारीत पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. आता काठी धरून चालतात, पण बोलणं जडच राहिलंय. समजतं सगळं. पेपर वाचतात, दूधवाल्याचा हिशेब चोख ठेवतात, शब्दही बरोबर निवडतात, फक्त ते तोंडातल्या तोंडात विरतात. 'पाणी' म्हटलं की 'वाणी' ऐकू येतं, 'बारा'चं 'वारा' होतं. थेरपीसाठी आठवड्यातून एकदा बर्डीला नेते. "घरी सराव घ्या" एवढंच सांगितलं, लिहून काही मिळालं नाही. दिवसा आईच असते त्यांच्याजवळ, म्हणून तिला सहज जमेल असा कागद हवाय. कुणी केलाय का?

इतवारीचा_भाऊ

ताई, माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं. आम्ही त्यांना रोज फुगे फुगवायला लावत होतो, मेणबत्ती विझवायला लावत होतो. त्यानं जिभेत, गालात ताकद येते जी. आणि रोजचं स्तोत्र मोठ्यानं म्हणायला लावा. आमचे बाबा स्तोत्र एकदम साफ म्हणत, आम्हाला अक्षर न् अक्षर कळायचं. गप्प मात्र बसू देऊ नका, हे पक्कं.

धरमपेठेची_सुनबाई

माझ्या सासऱ्यांनाही झटका आलाय. त्यांचा उच्चार स्वच्छ आहे, पण चहाला चप्पल म्हणतात आणि आपण सांगितलेलंही निम्मं कळत नाही. हा कागद त्यांनाही चालेल ना? झाला की इथे टाका.

स्पीचवाली_मावशी

स्पीच थेरपिस्ट म्हणून बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुनबाई, तुमच्या सासऱ्यांचा त्रास वेगळा आहे. त्यांची अडचण भाषेत आहे, माधवीच्या बाबांची स्नायूंत. बाबांचा कागद त्यांच्यापुढे ठेवलात तर ते 'बारा' नीट वाचून दाखवतील आणि गरजेला शब्द सापडणारच नाही. त्यांची भाषेची तपासणी आधी करून घ्या.

माधवी, सुरुवात करण्याआधी एक बघ. पाणी पिताना बाबांना ठसका लागतो का? प्यायल्यावर आवाज घशात पाणी असल्यासारखा ओला येतो का? तसं असेल तर आधी गिळण्याची तपासणी. सरावात खाण्यापिण्याचं काहीच नको.

भाऊ, गप्प बसू देऊ नका हे तुमचं अगदी बरोबर. पण फुगा फुगवल्याने फुगा फुगवणं सुधारतं. 'प' म्हणताना ओठ क्षणभर घट्ट मिटून लगेच सुटायला लागतात, आणि ते 'प' म्हणूनच जमतं. स्तोत्राचं म्हणाल तर ते आवाजासाठी, श्वासासाठी छान. पण ते आपल्यालाही पाठ असतं. त्यांच्या तोंडून अर्धं आलं तरी आपला कान उरलेलं भरून घेतो. बोलणं किती समजतंय हे बघायचं, तर ऐकणाऱ्याला पुढे काय येणार ते माहीत नसलं पाहिजे.

कागद याच गोष्टीवर उभा करायचा. बाबांचे ओठ पूर्ण मिटत नाहीत, म्हणून 'प' आणि 'ब' सुटून 'व'कडे जातात. तर अशा जोड्या घे: बारा-वारा, पाट-वाट, पाणी-वाणी, बाई-वाई, पाडा-वाडा. पाच जोड्यांचे दहा शब्द, प्रत्येक वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात. चिठ्ठ्या पिसायच्या. बाबांनी एकेक उचलून वाचायची, आणि आईने पाठ फिरवून बसायचं, म्हणजे चिठ्ठीही दिसत नाही आणि ओठही. ऐकू आला तो शब्द आईने मोठ्यानं सांगायचा. जुळला तर रेघ. चुकला तर बाबांनी चिठ्ठी दाखवून तोच शब्द परत म्हणायचा, हळू, ओठ जास्त दाबून. दहापैकी किती रेघा, ते तारखेपुढे लिही. आईला एवढंच लिहायचंय.

आठच्या वर सलग काही दिवस आलं की तेच 'प' आणि 'ब' रोजच्या वाक्यात: 'पंखा बंद कर', 'पेपर दे', 'बाम कुठे आहे'. वाक्य म्हणताना चांगल्या हाताच्या बोटाने दर शब्दाला मांडीवर एक टिचकी. बोट थांबतं तसं बोलणंही थांबतं, हे वेग कमी करण्याचं मला सगळ्यात भरवशाचं वाटलेलं साधन आहे. पाचाच्या खाली राहिलं तर जोड्या कमी कर, शब्द अवघड करू नकोस.

वेळ दहा मिनिटं, सकाळी एकदा आणि दुपारच्या झोपेनंतर एकदा. फिजिओथेरपीच्या पाठोपाठ नको. खुर्चीत ताठ, पाय जमिनीवर, चष्मा आणि कवळी असेल तर ती लावून. आणि कूलर बंद! मे महिन्यात जिवावर येतं, पण कूलरच्या आवाजात ऐकणारा चुकला की बाबा चुकले, हेच कळत नाही. रेघा शेवटी शेवटी घटायला लागल्या, शब्दांची टोकं गळायला लागली, की थांबायचं. तो थकवा.

थकवा विसाव्याने कमी होतो. बोलणं एकाएकी फार बिघडलं, चेहरा पुन्हा वाकडा झाला किंवा हातातली ताकद गेली, तर आराम करून बघू नका. वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

इतवारीचा_भाऊ

मावशी, स्तोत्राचं पटलं. पण आमच्या बाबांना फुग्यानं फायदा झाला, हे मी डोळ्यानं पाहिलंय.

स्पीचवाली_मावशी

भाऊ, झटक्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत आपसूकही बरंच सुधारतं. नुसतं पाहून फुग्याचं किती, ते वेगळं काढता येत नाही.

मानेवाड्याची_माधवी

मावशी, ठसका नाही, आवाजही ओला होत नाही. चिठ्ठ्या केल्या. आईला पाठ फिरवून बसायला लाज वाटत होती, आता तिलाच जास्त उत्साह आहे. आधी चार रेघा यायच्या, आता सहा येतात. पण मार वेगळ्याच जागी बसतोय. 'बारा' नीट यायला लागलं, 'पाट'चं मात्र आता आईला 'माट' ऐकू येतं. आणि बाबांना मी अक्षरांचा तक्ता दिला होता, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर बोटानं दाखवून बोलायला. त्यांनी तो बाजूला सारला. "मी काय मुका आहे का?" एवढं वाक्य मात्र स्पष्ट आलं.

धरमपेठेची_सुनबाई

तक्त्याचा हट्ट नको धरू. आमच्याकडेही असंच झालं.

स्पीचवाली_मावशी

तक्त्यावर माझं मत वेगळं आहे. घरी नको तर नको, पण पाहुणे येतात किंवा फोन असतो तेव्हा ऐकणाऱ्याला पहिलं अक्षर कळलं तर निम्मं काम होतं. हे बाबांच्या मित्राने सुचवलं तर ऐकतील बहुधा.

'पाट'चं 'माट' ही नवी खूण आहे, ती सोडू नकोस. ओठ आता मिटताहेत, पण हवा नाकाकडे पळत असावी. छोटा आरसा नाकपुडीच्या खाली आडवा धर आणि 'पा पा पा' म्हणायला सांग. आरसा कोरडा राहायला हवा. 'मा मा मा'ला वाफ धरतेच, ती तुलनेसाठी.

मानेवाड्याची_माधवी

धरून बघितला. 'पा पा'लाही वाफ धरते, 'मा मा'पेक्षा कमी, पण धरते.

स्पीचवाली_मावशी

मग टाळूचा मागचा मऊ भाग पुरेसा वर उठत नसावा, म्हणून नाकाची वाट पूर्ण बंद होत नाही. यावर घरी ओठांचा सराव वाढवून उपयोग नाही, आणि टाळूसाठी घरी काही करूही नका. बर्डीच्या थेरपिस्टला 'पाट' आणि 'माट'ची गोष्ट, आरशाची गोष्ट आणि रेघांचा कागद दाखव. 'प'च्या वेळी टाळू किती उठते ते तपासायला सांग. तोवर 'पा'च्या जोड्या थांबव, 'र' आणि 'ल'च्या घे: रस-लस, राख-लाख, राज-लाज.

मानेवाड्याची_माधवी

शुक्रवारची वेळ घेतली. 'लस' आईला 'रस'च ऐकू येतोय, त्यामुळे तिथूनच सुरुवात.