'निकोटीन यील्ड'ला मराठीत काय म्हणावं: प्रमाण, उतारा की आणखी काही?

तेरणा: नांदेडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रासाठी माहितीपत्रक मराठीत आणते आहे. त्यात परदेशातून आलेल्या एका जुन्या पाकिटाचं चित्र आहे, त्यावर 'निकोटीन ०.५ मिग्रॅ' असं छापलंय. मूळ मजकुरात याला 'निकोटीन यील्ड' म्हटलंय. आधीच्या भाषांतरात 'निकोटीनचे प्रमाण' होतं. ते वाचून लोक विचारतात, "म्हणजे एका सिगारेटमागे एवढंच अंगात जातं ना?" योग्य शब्द कोणता?

पूर्णा: 'प्रमाण'च ठेवा, त्यात चूक काही नाही. सिगारेटमधल्या तंबाखूत जेवढं निकोटीन तेवढा आकडा. आकडा कमी म्हणजे तंबाखू कमी कडक. ओढणाऱ्याला तर त्याहून कमीच मिळणार, निम्मा धूर हवेतच जातो की.

गोदाकाठ: पूर्णादादा, धूर हवेत जातो हे बरोबर, पण तो हिशोब ०.५ मध्ये आधीच वजा झालेला आहे. एका साध्या सिगारेटच्या तंबाखूत साधारण १० मिग्रॅ किंवा त्याहून थोडं जास्त निकोटीन असतं. पाकिटावर ०.५ असो वा १, आतल्या तंबाखूत त्या मानाने फार फरक नसतो. म्हणून 'प्रमाण' म्हटलं की वाचणारा चुकीच्या वस्तूकडे बघतो.

तो आकडा यंत्राने ओढलेल्या धुराचा असतो. आयएसओच्या जुन्या पद्धतीत यंत्र मिनिटाला एक झुरका घेतं, ३५ मिलिलिटरचा, २ सेकंदांचा. उरलेली ५८ सेकंदं सिगारेट नुसती धुमसते आणि त्यातली तंबाखू कुणाच्याही वाट्याला न येता जळून जाते. थोटूक ठरलेल्या खुणेपर्यंत आलं की यंत्र थांबतं. धूर काचतंतूंच्या गोल चकतीवर अडवतात, चकती द्रावकात धुऊन गॅस क्रोमॅटोग्राफीने निकोटीन मोजतात. निघेल तो आकडा पाकिटावर.

मला 'उतारा' योग्य वाटतो. कारखान्याचा साखर उतारा आपल्याकडे सगळ्यांना कळतो: उसात साखर किती हे वेगळं, त्या गाळपात हाती किती आली हे वेगळं. गाळप बदललं की उतारा बदलतो.

मांजरा: 'उतारा' आवडला. अडचण एवढीच की विषावरचा उतारा हाही अर्थ आहे. व्यसनमुक्तीच्या पत्रकात 'निकोटीनचा उतारा' वाचून कुणी ते औषध समजेल.

तेरणा: हे खरंच होऊ शकतं. 'यंत्र-उतारा' असं जोडून लिहिलं तर? पण मग माणसाचा आकडा किती वेगळा निघतो, हेही पत्रकात सांगावं लागेल.

गोदाकाठ: 'यंत्र-उतारा' चालेल. फरकाचं गणित असं मांडा. आकडे समजण्यापुरते मी धरलेले आहेत.

यंत्राने ३५ मिलिलिटरचे ८ झुरके घेतले, म्हणजे २८० मिलिलिटर. कमी आकड्याच्या सिगारेटच्या फिल्टरवर बारीक छिद्रांचं कडं असतं. त्यातून प्रत्येक झुरक्यात निम्मी बाहेरची हवा आत आली असं धरा. मग जळत्या टोकाकडून खरं तर १४० मिलिलिटरच आले. यंत्राची पकड तोंडाकडचे फक्त ९ मिमी झाकते, छिद्रं सहसा त्याच्या पुढे असतात, म्हणून यंत्रात ती उघडीच राहतात.

आता माणूस. तलफ भागेना म्हणून तो अर्ध्या मिनिटाला एक, ५० मिलिलिटरचे १२ झुरके घेतो. ते ६०० मिलिलिटर झाले. ओठ आणि बोटं काही छिद्रांवर येतात, त्यामुळे समजा ७० टक्के हवा जळत्या टोकाकडून आली, म्हणजे ४२० मिलिलिटर. यंत्राच्या तिप्पट. झुरके जवळजवळ असल्याने मधल्या वेळात वाया जळणारी तंबाखूही घटते. धुराच्या मापात निकोटीन नेमकं तेवढंच वाढतं असं नाही, पण ०.५ चा माणूस १ मिग्रॅच्या पुढे सहज जातो. छातीत ओढलेल्या धुरातलं बहुतेक निकोटीन रक्तात उतरतं. ओढणाऱ्यांच्या रक्त-लघवीच्या तपासण्यांवरून एका सिगारेटमागे सरासरी १ ते १.५ मिग्रॅ भरतं, आणि पाकिटावरच्या आकड्याशी त्याचा मेळ फार सैल असतो. बेनोविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच हे दाखवलं होतं.

पूर्णा: मग छिद्रं बुजवून यंत्र का चालवत नाहीत?

गोदाकाठ: चालवतात. कॅनडाच्या कडक पद्धतीत ५५ मिलिलिटरचा झुरका, दर ३० सेकंदांनी, छिद्रं पूर्ण बंद. त्याच सिगारेटचा आकडा खूप वर जातो. पण तोही कुणा एका माणसाचा आकडा नाही. माणूस तलफेप्रमाणे ओढतो, यंत्र घड्याळाप्रमाणे. अमेरिकेत १९६७ पासून वापरात असलेल्या यंत्रमापनाला दिलेली मान्यता तिथल्या व्यापार आयोगाने २००८ मध्ये काढून घेतली. युरोपात २०१४ च्या नियमांनंतर हे आकडे पाकिटावरून गेले.

छिद्रं झाकली गेली का, हे थोटकावरून ओळखता येतं. फिल्टरचं तोंडाकडचं टोक बघा. मधोमध तपकिरी ठिपका आणि कडेला पांढरं कडं असेल तर छिद्रं उघडी होती. सगळं टोक कडेपर्यंत सारखं तपकिरी असेल तर ती बुजली होती. समुपदेशकाला ही खूण फार उपयोगी आहे.

मोंढानाका: आमच्या घरी मोठे काका बिडी ओढतात, शिवाय दाढेत तंबाखू. बिडीच्या कट्ट्यावर असा आकडा बघितला नाही. तंबाखूच्या पुडीचा उतारा किती धरायचा?

गोदाकाठ: पुडीला हा शब्दच लागू नाही, तिथे धूर नाही आणि यंत्रही नाही. चुना लावल्यावर निकोटीन गालातून जास्त वेगाने आत जातं, ते वेगळंच गणित. बिडीवरही मिनिटाला एक झुरक्याची पद्धत नीट बसत नाही, टेंभुर्णीच्या पानाची बिडी एवढ्या अंतराने विझू पाहते. म्हणून ओढणारा भराभर झुरके घेतो.

तुमच्या काकांच्या बाबतीत तपासणीचीही अडचण आहे. निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं, म्हणून त्यापासून बनणारं कोटिनीन मोजतात, ते निम्मं व्हायला १६ ते १८ तास लागतात. पण त्यातलं किती बिडीचं आणि किती तंबाखूचं, हे तो आकडा सांगत नाही. तपासणीआधी दोन्ही विचारून लिहून घ्यावं लागतं. शिवाय काहींचं यकृत निकोटीन लवकर मोडतं, काहींचं हळू.

तेरणा: म्हणजे मला दोन शब्द हवेत. यंत्राचा 'यंत्र-उतारा'. आणि माणसाने घेतलेलं? 'शोषलेले निकोटीन' लिहिलंय, पण वाचायला कोरडं वाटतं.

मांजरा: 'अंगात भिनलेलं निकोटीन'. विष भिनतं, नशा भिनते, आपल्याकडे कुणालाही कळेल.

पूर्णा: 'अंगी लागलेलं' का नको?

मांजरा: दूध-तूप अंगी लागतं, दादा. त्यात भलं झाल्याचा सूर आहे.

गोदाकाठ: मजकुरात 'भिनलेलं' चांगलं. तक्त्यात मात्र मी 'शोषलेले'च ठेवीन. भिनण्यात हळूहळू पसरण्याची छटा आहे, आणि धुरातलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं.

मांजरा: सापाचं विषही झरझर भिनतं की. मला ही हरकत पटत नाही.

तेरणा: तक्त्यात 'यंत्र-उतारा' आणि 'शोषलेले', खाली मजकुरात 'भिनलेलं' असं करून केंद्रातल्या चार-पाच जणांना वाचायला देते. चित्राखाली ०.५ शेजारी 'हा यंत्राचा आकडा आहे, तुमचा नव्हे' एवढी ओळही घालते.