गोल जिन्याच्या स्क्रिप्टने ‘रन’ विचारावा का?

निनाद: राइनोमध्ये पायथनची स्क्रिप्ट लिहिली आहे. राइज म्हणजे एका पायरीची चढ २००, रन म्हणजे पाऊल ठेवायची खोली २५०, बाहेरची त्रिज्या ७५०, मधला पाइप १०० व्यासाचा, मजल्याची उंची ३००० (सगळं मिमीमध्ये). कोन `run/R` ने काढतो. जिना उभा राहतो, पण एक पायरी पुठ्ठ्यावर कापून पाहिली तर पाऊल मावत नाही. चूक कुठे आहे? रन इनपुट म्हणून घ्यावा की नाही?

वैदेही: रन जरूर घ्या, पण तो तुम्ही बाहेरच्या काठावर मोजलाय. तिथे कोणी चालत नाही, तिथे कठडा असतो. तुमचा कोन १९.१ अंश येतो. मी चालण्याची रेषा पाइपापासून पायरीच्या दोन तृतीयांश रुंदीवर धरते, म्हणजे केंद्रापासून ५१७ वर. तिथे तुमच्या पायरीला जेमतेम १७२ मिळतात. २५० हवे असतील तर कोन २७.७ अंश लागतो.

```python
import math
n = int(math.ceil(H / rise))
h = H / n
w = r0 + 2.0 * (R - r0) / 3
a = math.degrees(run / w)
```

`H`, `rise`, `run`, `R` आणि पाइपाची त्रिज्या `r0` हे `rs.GetReal` ने घ्या. राइज जसाच्या तसा वापरू नका, आधी उंचीला पूर्ण संख्येने भागा. नाहीतर शेवटची पायरी बाकीच्यांहून ठेंगणी होते आणि माणूस नेमका तिथे अडखळतो.

निनाद: मी तेच `r0 + (2/3)*(R-r0)` असं लिहिलं. घरी राइनो ८ मध्ये ठीक, ऑफिसात ७ मध्ये प्रत्येक पायरी जवळजवळ अख्खी चकती!

वैदेही: ७ मध्ये पायथन २ चालतं. तिथे `2/3` म्हणजे शून्य. तुमची चालण्याची रेषा पाइपावर जाऊन बसली, २५० भागिले ५०, कोन २८६ अंश. म्हणूनच मी `2.0` लिहिलंय.

गजानन (फॅब्रिकेशन): मॅडम, २७.७ अंश प्लेटवर कोण आखणार? रन विचारूच नका, फेऱ्यात किती पायऱ्या ते विचारा. मी बारा धरतो, ३० अंश. कंपास लावला की वर्तुळाचे बारा भाग पडतात, टेम्प्लेट एकच. याच जिन्यात रन २७१ मिळेल, वाढलाच. कोन मोठा तितका पाय चांगला मावतो, वीस वर्षं हेच करतोय.

वैदेही: बारा भागांचं म्हणणं पटतं, कामाच्या जागी ते सोपं पडतं. पण ‘मोठा तितका चांगला’ हे इथे टिकत नाही. कोन वाढला की फेरा कमी पायऱ्यांत पूर्ण होतो आणि वरची पायरी डोक्यावर उतरते. बाराला २४०० मिळतात, त्यातून पायरीची जाडी वजा. लहान त्रिज्येत पाय मावावा म्हणून कोन ४० केला तर फेऱ्यात ९ पायऱ्या, म्हणजे फक्त १८००. तिथे डोकं आपटणारच.

दुसरं म्हणजे वर बाहेर पडायचं तोंड. १५ राइज म्हणजे १४ पायऱ्या, पंधरावं पाऊल मजल्यावर. ३० अंशांनी ४२० होतात, म्हणजे एक फेरा होऊन ६० अंश पुढे. दार तिथे आहे का? माझ्या एका कामात वरचं दार खालच्या सुरुवातीच्या बरोबर डोक्यावर होतं. ३६० ला १४ ने भागलं, २५.७ अंश आले, रन २३२ वर आला आणि मालकांनी तो मान्य केला. तिथे रन इनपुट राहिलाच नाही, तो उत्तर झाला.

गजानन: दाराचं मान्य. ते आम्हाला ड्रॉइंगमध्ये कधी नीट दिसत नाही, साइटवर कळतं.

सुलभा: मला राइनो येत नाही, जिन्याचा विषय दिसला म्हणून लिहितेय. माहेरी मागच्या अंगणात लोखंडी गोल जिना आहे. आईचे गुडघे दुखतात. ती उतरताना बाहेरच्या बाजूला जात नाही, मधला खांब दोन्ही हातांनी धरून आतून उतरते. टाच टेकते, पुढचा अर्धा पाय हवेत. तुमची ती रेषा तिच्या पायाखाली कुठे येते?

वैदेही: येत नाही, सुलभाताई. केंद्रापासून २०० वर ३० अंशांची पायरीही १०५ मिमीच भरते, म्हणजे टाच टेकण्यापुरतीच. बाहेरच्या कठड्याला तिच्या मुठीत बसेल असा गोल पाइप बसवला तर ती कदाचित तिकडून उतरेल.

गजानन: म्हातारी माणसं कठडा हलतो का बघतात आणि खांबाकडे वळतात. त्रिज्या ९०० करा.

निनाद: ९०० ला जागा नाही, भिंत आडवी येते. स्क्रिप्टमध्ये केंद्रापासून २०० वरचा रनही छापायला लावतो, निदान मालकांना आधी दिसेल. किती मिमीखाली नकार द्यायचा, हे कोणी ठरवलंय का?